डीप क्लीनिंगचा दर: भागायचे कशाने?

घरांच्या डीप क्लीनिंगचा दर ठरवताना असा सल्ला दिला जातो: "पगार आणि मशिनींचा खर्च महिन्याला ठरलेला असतो. महिनाभरात साफ केलेल्या चौरस फुटांनी त्याला भागा, वर 30 टक्के लावा आणि तोच दर सगळ्या घरांना सांगा. पगार तर द्यायचाच आहे, म्हणून रिकाम्या दिवशी मिळेल त्या दरात काम घ्या."

पहिले वाक्य बरोबर आहे. चूक भागाकारापासून सुरू होते. उदाहरणासाठी चार जणांची टोळी घेऊ. तिचे पगार, मशिनींची झीज आणि दुरुस्ती, टेम्पो व सामान ठेवण्याची खोली मिळून महिन्याचा खर्च 1,10,000 रुपये धरू. हा खर्च चौरस फुटांबरोबर वाढत नाही, दिवसांबरोबर संपतो. महिन्यात 20 दिवस काम मिळाले तर एका टोळी-दिवसाला 5,500 रुपये पडतात, 14 दिवसच मिळाले तर सुमारे 7,860. पावसाळ्यात कामे घटली की या हिशेबाने दर वाढतो आणि वाढलेल्या दरामुळे कामे आणखी घटतात. म्हणून वर्षभराच्या अनुभवावरून 20 दिवसांचा आकडा एकदा पक्का करावा आणि रिकाम्या दिवसांचे नुकसान वेगळे लिहावे. ते पुढच्या ग्राहकाच्या बिलात घुसवू नये.

"तोच दर सगळ्या घरांना" हा खरा घातक भाग आहे. वेळ खातात ते स्वयंपाकघर आणि बाथरूम. शेगडीमागच्या टाइल्सवर चिकट तेलाचा थर असला की रसायन फवारून थांबावे लागते, मग पातीने खरवडायचे, पुसायचे, आणि सांध्यांत ब्रश घालून पुन्हा तेच. बोअरच्या पाण्याने नळांवर आणि काचेवर बसलेल्या पांढऱ्या क्षाराचेही तसेच. शिवाय ते काढणारे आम्लयुक्त रसायन संगमरवरावर पडले तर दगडाची चमक जाते, त्यामुळे तिथे हात आणखी जपून चालतो. हॉलची फरशी मात्र मशीन भराभर उरकते.

आमच्या अंदाजपत्रकात स्वयंपाकघराला 6 माणूस-तास, प्रत्येक बाथरूमला 3, उरलेल्या घरासाठी एकूण क्षेत्रफळाच्या दर 100 चौरस फुटांना 1, आणि जाणे, सामान चढवणे-उतरवणे यांना 4 धरतो. 420 चौरस फुटांच्या वन बीएचकेला, एका बाथरूमसह, 17.2 माणूस-तास लागतात. 1,100 चौरस फुटांच्या, तीन बाथरूमच्या थ्री बीएचकेला 30. टोळीच्या दिवसात आठ तासांप्रमाणे 32 माणूस-तास असतात. म्हणजे दोन्ही घरे एकेक दिवसच खातात, कारण वन बीएचकेनंतर उरलेल्या वेळात तसेच दुसरे घर मावत नाही. रसायने, पॅड, इंधन यांचे 600 आणि 900 रुपये धरले तर खर्च 6,100 आणि 6,400 होतो.

आता महिन्यात अशी दहा-दहा घरे केली असे समजा. एकूण खर्च 1,25,000 आणि क्षेत्रफळ 15,200, म्हणून चौरस फुटाला खर्च 8.22 रुपये आणि 30 टक्के लावून सांगायचा दर 10.69. या दराने छोट्या घराचे 4,490 रुपये येतात, म्हणजे सुमारे 1,600 चा तोटा. मोठ्या घराचे 11,760, म्हणजे खर्चाच्या पावणेदोन पटींहून अधिक. मोठ्या घराचा ग्राहक दुसरीकडे चौकशी करतो आणि निघून जातो. छोट्या घराचा ग्राहक खूश होऊन शेजाऱ्यालाही पाठवतो. वीसही घरे वन बीएचके झाली की महिन्याला 32,000 रुपयांहून अधिक तूट येते, आणि वही मात्र "कामे भरपूर" असेच सांगत राहते. (खर्चावर लावलेले 30 टक्के म्हणजे विक्रीच्या 23 टक्केच असतात, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही.)

रिकाम्या दिवसाबद्दलचे म्हणणे अर्धेच खरे आहे. त्या दिवशी छोट्या घरात रसायने, पॅड, इंधनाच्या 600 रुपयांच्या वर जे मिळेल ते तूट कमी करते, पण तोच ग्राहक नंतर पूर्ण दराने आला नसता तरच. सोसायटीच्या ग्रुपवर तो आकडा पोहोचला की मात्र तोच तिथला दर ठरतो.

मग वन बीएचकेला काय सांगायचे? विक्रीच्या 20 टक्के नफा हवा तर 7,625 रुपये होतात, जे कुणी देणार नाही. तिथे दर नव्हे, टोळी बदलावी. दोघांनाच पाठवले तर जाण्या-उतरवण्याचे 4 माणूस-तास 2 होतात, एकूण 15.2 उरतात आणि जोडी 7.6 तासांत घर संपवते. दुसरी जोडी त्याच दिवशी दुसरे घर घेते. त्यासाठी मशिनींचा दुसरा छोटा संच लागतो. तो 60,000 चा धरून तीन वर्षांत, महिन्याला 40 घरांवर वाटला तर घरामागे सुमारे 42 रुपये पडतात. खर्च 3,392, दर 4,240, म्हणजे चौरस फुटाला सुमारे 10 रुपये. थ्री बीएचकेला तोच नफा धरून 8,000 रुपये, म्हणजे सव्वासात.