दोन्ही विधानं खरी, तरी उत्तर ‘ब’ का?

विधान-कारण प्रश्नात दोन्ही वाक्यं खरी असून कारण हे विधानाचं योग्य स्पष्टीकरण असेल तर उत्तर ‘अ’, दोन्ही खरी पण स्पष्टीकरण नसेल तर ‘ब’. अशाच एका प्रश्नावर एका वाचक ताईंची प्रतिक्रिया:
“सर, शिल्लक मालाच्या प्रश्नाचं तुम्ही दिलेलं ‘ब’ हे उत्तर पटलं नाही. विधान: शिल्लक माल मूळ किंमत किंवा एनआरव्ही, म्हणजे विक्रीखर्च वजा जाता हाती येणारी रक्कम, यांत जे कमी असेल त्या रकमेला दाखवतात. कारण: व्यवसाय पुढेही चालू राहणार असं गृहीत धरलेलं असतं. दोन्ही खरं आहे असं तुम्हीच म्हणता. धंदा बंद पडणार असेल तर हाच माल मोडीच्या भावाने दाखवावा लागेल. म्हणजे धंदा चालू राहण्याचं हे गृहीतक, गोइंग कन्सर्न, काढून घेतलं की विधान पडतं. मग ते योग्य स्पष्टीकरण कसं नाही? मुलगी अकरावीला आहे, तिला मी ‘अ’ शिकवलंय. असे प्रश्न काढणाऱ्याच्या मर्जीवर चालतात, दुसरं काय!”

नमस्कार ताई,

मोडीच्या भावाचा मुद्दा अगदी बरोबर आहे. धंदा गुंडाळायचा असेल तर ‘जे कमी असेल ते’ हा नियमच उरत नाही, विकून काय येईल तेवढंच पाहतात. तरीही माझं उत्तर ‘ब’च राहील, कारण कसोटी तिथे थांबत नाही.

‘काढून घेतलं की विधान पडतं’ एवढ्यावर अडून राहिलो तर काय होईल बघा. हिशेबाचं वर्ष ठरलेलं नसेल तर वर्षअखेर नाही आणि शिल्लक मालही नाही. पैशात मोजमाप नसेल तर स्वेटर आणि छत्र्यांची बेरीजच करता येणार नाही. म्हणजे या दोन्ही संकल्पनांशिवायही विधान पडतं. मग कारणाच्या जागी त्यांतली कुठलीही लिहिली तरी उत्तर ‘अ’ द्यावं लागेल. सगळ्या संकल्पना एकमेकींच्या आधाराने उभ्या असल्यामुळे ‘ब’ हा पर्याय जवळजवळ कधीच लागू होणार नाही. एखादी गोष्ट आवश्यक असणं आणि तिने ‘असंच का’ याचं उत्तर देणं, यात फरक आहे. प्रश्न दुसऱ्याबद्दल विचारलेला असतो.

म्हणून आधी विधानाचा भार कुठल्या शब्दांवर आहे ते शोधायचं. इथे तो ‘जे कमी असेल’ यावर आहे. शिल्लक माल दाखवतात हे सांगण्यासाठी कोणी प्रश्न काढत नाही. दोन रकमांतली कमीच का घ्यायची, जास्त का नाही, हे विचारलंय.

एक कपड्यांचं दुकान घेऊ. ३१ मार्चला ४० स्वेटर उरलेत, खरेदी प्रत्येकी ६०० रुपयांची. थंडी संपली, आता ५०० ला जातील आणि विक्रीखर्च २० रुपये. एनआरव्ही झाली ४८०. शिवाय १०० छत्र्या आहेत, प्रत्येकी २४० ला घेतलेल्या. त्यांचे भाव वाढलेत, खर्च वजा जाता ३०० हाती येतील. स्वेटरची मूळ किंमत २४,००० आणि एनआरव्ही १९,२००. छत्र्यांची मूळ किंमत २४,००० आणि एनआरव्ही ३०,०००. नियमाप्रमाणे ताळेबंदात १९,२०० अधिक २४,०००, म्हणजे ४३,२०० रुपये जातील. (दोन्ही मालांची आधी बेरीज करून तुलना केली तर ४८,००० येतात आणि स्वेटरचा तोटा छत्र्यांच्या न झालेल्या नफ्याआड लपतो. म्हणूनच एएस-२ या हिशेबाच्या मानकात ही तुलना सामान्यतः वस्तूगणिक करायला सांगितली आहे. मुलं इथे हमखास घसरतात.)

आता कारण तसंच ठेवायचं आणि विधान उलटं करून पाहायचं. दुकान पुढे चालणारच आहे, आणि मालकाने सगळा माल एनआरव्हीला, म्हणजे ४९,२०० ला दाखवला. गोइंग कन्सर्न मोडलं का? नाही, दुकान तसंच चालू आहे. शेजारच्या दुकानदाराने असाच माल सरसकट मूळ किमतीला, ४८,००० ला दाखवला. तरीही मोडलं नाही. तिन्ही आकड्यांवर ते कारण गप्प बसतं. जे कारण विधानाच्या उलट गोष्टीलाही हरकत घेत नाही, ते स्पष्टीकरण नव्हे.

त्याच जागी प्रुडन्स ठेवा: होऊ घातलेला तोटा आधी धरा, न झालेला नफा धरू नका. मग ४८,००० मध्ये स्वेटरचा ४,८०० चा तोटा दडपला जातो आणि ४९,२०० मध्ये छत्र्यांचा ६,००० चा न झालेला नफा शिरतो. दोन्ही आकडे या कारणावर आपटतात, फक्त ४३,२०० टिकतो. इथे ‘अ’.

गोइंग कन्सर्न कधीच स्पष्टीकरण नसतं असं मात्र मुलीला सांगू नका. समजा विधान असं आहे: ‘वापरातलं यंत्र सामान्यतः मूळ किंमत वजा घसारा एवढ्या रकमेला दाखवतात, आज विकून येईल त्या रकमेला नाही.’ कारण तेच. यंत्र ५,००,००० चं, आयुष्य १० वर्षं, भंगारमूल्य शून्य, घसारा स्थिर हप्ता पद्धतीने. दोन वर्षांनी पुस्तकात ४,००,००० उरतात, बाजारात मात्र ३,२०,००० च मिळतील. स्वेटरला लावला तो न्याय यंत्राला लावून ३,२०,००० का धरत नाहीत? कारण स्वेटर विकायला ठेवलेत आणि यंत्र वापरायला. उरलेली आठ वर्षं धंदा चालणार आणि यंत्र कामाला येणार, म्हणून आजचा विक्रीभाव सहसा गैरलागू ठरतो. उलटी कसोटी लावा. ‘धंदा चालणार आहे, तरी यंत्र विक्रीभावाला दाखवू’ हे ऐकल्याबरोबर खटकतं. इथे तेच वाक्य नेमकं ‘अ’ होतं.

त्यातल्या ‘सामान्यतः’कडे लक्ष असू द्या. त्याऐवजी ‘नेहमीच’ लिहिलं असतं तर विधानच खोटं ठरलं असतं, कारण सुधारित एएस-१० पुनर्मूल्यांकनाचा पर्यायही देतं. मग उत्तर ‘ड’: विधान खोटं, कारण खरं. स्पष्टीकरणाचा विचार करण्याआधी दोन्ही वाक्यं सुटी सुटी तपासायची ती यासाठी.

मर्जीच्या आरोपाबद्दल. काही प्रश्न खरोखर ढिले असतात, आणि वाद बहुधा एकाच ठिकाणी होतो. ‘संशयित कर्जासाठी तरतूद करतात’ या विधानाला प्रुडन्स हे कारण दिलं की हुशार मुलं म्हणतात, यामागे मॅचिंगही आहे, यंदाच्या उधार विक्रीतला संभाव्य तोटा यंदाच्याच उत्पन्नासमोर यायला हवा. ते खरंच आहे. पण म्हणून प्रुडन्सवर ‘ब’ लिहू नये. कारण एकमेव असावं अशी अट नाही. तरतूद न करता सगळं येणं पूर्ण दाखवलं तर प्रुडन्सला हरकत आहे, एवढं ‘अ’साठी पुरतं. मॅचिंग दिलं असतं तरी मी ‘अ’च धरलं असतं. ‘प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात’ हे दिलं असतं तर मात्र ‘ब’, कारण तरतूद केली काय आणि न केली काय, दोन्ही बाजू जुळतातच.

मुलीला घरखर्चासाठी दुकानातून नेलेल्या मालाची नोंद देऊन बघा: विधान ‘तो मालकाची उचल म्हणून लिहितात’, आणि कारण एकदा ‘व्यवसाय व मालक वेगळे’, एकदा ‘दोन बाजू’. पहिल्याला ‘अ’ आणि दुसऱ्याला ‘ब’ का, हे तिने विधान उलटं करून सांगितलं पाहिजे, म्हणजे तोच माल ‘दुकानाचा खर्च’ म्हणून लिहिला तर कोणतं कारण हरकत घेतं ते.