बेचाळीस लिटरांची गोष्ट

ट्रॉली बॅगेच्या चिठ्ठीवर छापलेले आकडे खोटे नसतात. ते खरे असतात, फक्त एकाच वेळी खरे नसतात. गोव्यातल्या मोपा विमानतळावरून दिल्लीला जायचे ठरले, केबिनमध्ये नेता येईल अशी बॅग हवी होती आणि पेडण्याची आत्या ‘मलाही म्हापशाला जायचेच आहे’ म्हणून बरोबर निघाली, तेव्हा मला या सत्याचे दर्शन घडले.

दुकानदाराने समोर ठेवलेल्या निळ्या बॅगेच्या चिठ्ठीवर ‘५५ × ३५ × २३ सेंमी, ४२ लिटर, केबिनसाठी योग्य’ असे लिहिले होते. माझ्या विमानकंपनीची मर्यादा लांबी, रुंदी आणि जाडी मिळून ११५ सेंटीमीटर आणि वजन सात किलो अशी होती. बेरीज ११३ येते, म्हणजे बॅग चालायला हवी. परंतु मला बेरजेआधी गुणाकार करायची खोड आहे. ५५, ३५ आणि २३ यांचा गुणाकार ४४,२७५ घनसेंटीमीटर येतो, म्हणजे सव्वाचव्वेचाळीस लिटर. बॅगेचे सगळे बाहेरचे माप हवेने भरले तरी त्यात एवढेच मावणार. आणि त्यातूनच चाके, कवचाची जाडी, मागच्या दांड्या आणि गोलाई दिलेले कोपरे वजा व्हायचे. हे सारे मिळून जेमतेम सव्वादोन लिटरांत बसले असेल, तर ते करणारा कारागीर नव्हे, मांत्रिक म्हणावा लागेल.

मी खिशातून टेप काढली. ‘साहेब, कंपनीने मोजलेलेच आहे,’ दुकानदार म्हणाला. ‘कंपनीने मोजले ते त्यांनी ठेवावे,’ मी म्हटले आणि बॅग फरशीवर उभी केली. विमानतळावरच्या मापाच्या चौकटीत बॅग चाकांसकट आणि हँडलसकट घालावी लागते, चाके काढून हातात धरता येत नाहीत. म्हणून फरशीपासून वरच्या हँडलच्या माथ्यापर्यंत मोजले. ५९ भरले. छापलेले ५५ हे नुसत्या धडाचे होते. बेरीज ११७ झाली आणि बॅग दोन सेंटीमीटरने नापास झाली.

तरीही ४२ लिटरांचा उलगडा झाला नव्हता. धडाच्या आतले माप ५४, ३४ आणि २२ धरले तरी चाळीस लिटरांच्या थोडेसेच वर जाते, आणि त्यातून आत घुसलेल्या दांड्यांची जागा वजा होते. मग मला मुख्य चेनीच्या शेजारून फिरणारी दुसरी चेन दिसली. ती उघडताच बॅगेचे पोट तीन सेंटीमीटर पुढे आले, म्हणजे आणखी साडेपाच लिटर. थोडक्यात, लांबी चाकांशिवायची, जाडी पोट आत घेतलेली आणि लिटर मात्र पोट सुटल्यानंतरचे.

‘रे बाबू,’ इतका वेळ स्टुलावर बसून असलेली आत्या म्हणाली, ‘बॅग घेतोस की सून बघतोस?’

दुकानदाराला माझी दया आली असावी, किंवा स्वतःची. त्याने मागून एक साधी कापडी बॅग काढली. चिठ्ठीवर ३४ लिटर होते. चाकांसह उंची ५४, रुंदी ३५, जाडी २३, बेरीज ११२. गुणाकार साडेत्रेचाळीस लिटरांचा, म्हणजे चाके, दांड्या आणि शिवणींना साडेनऊ लिटर सोडलेले. हा आकडा मला प्रामाणिक वाटला, कारण तो कमी होता.

आता कापड. चिठ्ठीवर ६०० डेनियर पॉलिएस्टर होते. नऊ हजार मीटर धागा जितके ग्रॅम भरतो तितके डेनियर, म्हणजे या आकड्यावरून धाग्याची जाडी कळते. कापडाची वीण घट्ट आहे की नाही, ते बोटांनीच पाहावे लागते. आपल्याकडे त्याहून महत्त्वाचा आतला लेप. पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेत हळूहळू विघटित होतो, आणि गोव्याचे दोन-चार पावसाळे कपाटात काढलेल्या बॅगेला उघडल्यावर येणारा आंबट वास व कपड्यांना लागणारा चिकटपणा ही त्याचीच करणी. मी अस्तर उलटून आतून बोट फिरवले. ते कोरडे आणि गुळगुळीत लागले. मुख्य चेन आठ नंबरची होती, म्हणजे मिटलेल्या दात्यांची रुंदी साधारण आठ मिलिमीटर. रनर कोपऱ्यावर मुद्दाम थांबवून पुन्हा ओढला, कारण चेन सरळ रेषेत कधीच अडत नाही, वळणावर अडते.

राहिले वजन. दुकानातल्या काट्यावर रिकामी बॅग २.२ किलो भरली, म्हणजे सामानासाठी ४.८ किलो उरले. मी मनाशी कपड्यांचा हिशेब मांडू लागलो, तोच आत्याने तिचा मांडून टाकला: दिल्लीतल्या तिच्या लेकासाठी काजू दोन किलो, कोकमाची सोलां एक किलो आणि आंब्याची साटं एक किलो.

‘आणि माझे कपडे?’

‘आठशे ग्रॅम उरतात की,’ आत्या म्हणाली. ‘सदरे दिल्लीत मिळतात रे, सोलां मिळत नाहीत.’