दीड वाजला म्हणजे किती वाजले?

‘“दीडला या” म्हटलं की आमच्याकडे कुणी सव्वाला येतं, कुणी दोनला. दीड, अडीच या नेमक्या वेळा आहेत की नुसता अंदाज? आणि नातवंडं “साडेएक” म्हणतात, ते चालू द्यायचं का?’ – सदाशिव पेठेतून एका वाचक आजींचा प्रश्न.

आजी, दीड म्हणजे एक वाजून तीस मिनिटं आणि अडीच म्हणजे दोन वाजून तीस मिनिटं. पाहुणे सव्वाला येतात की दोनला, हा पाहुण्यांचा प्रश्न आहे. शब्दात सैलपणा नाही. पुरावा आपल्याच बोलण्यात आहे. आपण ‘दीडला पाच कमी’ म्हणतो तेव्हा घड्याळात १:२५ झालेले असतात आणि ‘दीड वाजून पाच मिनिटं’ म्हणतो तेव्हा १:३५. दीड हा अंदाज असता तर त्यातून पाच मिनिटं वजा कशी करता आली असती?

अंदाज सांगायचा असेल तर मराठी तो वेगळा सांगते. ‘दीड-दोनला येतो’ किंवा ‘अडीचच्या सुमारास निघू’ असं म्हटलं की थोडी मागेपुढे सूट मिळाली. ‘दीडला येतो’ म्हटलं की ती नाही. आणि पुढे ‘तास’ आला की वेळ जाऊन कालावधी येतो. ‘दीडला निघतो’ आणि ‘दीड तासाने निघतो’ यांतला फरक फोनवर खरखर असली की हरवतो. सकाळी अकराला कुणी ‘दीड तासाने’ म्हटलं तर तो साडेबाराला निघणार, पण पलीकडच्याने नुसतं ‘दीड’ ऐकलं तर तो पुढे तासभर वाट बघणार. म्हणून अशा वेळी शेवट उलटून विचारावा, ‘म्हणजे साडेबाराला ना?’

आता ‘साडेएक’. पुण्यात यावर दोन तट आहेत आणि त्यामागे जुना वाद आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ असंही म्हणता येईल अशी सोय आली, तेव्हा घराघरांत खडाजंगी झाली होती. मुलांना सोपं जावं ही भूमिका प्रामाणिकच होती. तोच युक्तिवाद आता घड्याळापर्यंत आला आहे. तीनपासून पुढे सगळीकडे साडेतीन, साडेचार, मग एक आणि दोनलाच वेगळे शब्द कशाला?

कोथरूडच्या एका निवृत्त शिक्षकांनी याचं मूळ नेमकं कळवलं. अडीच हा संस्कृत ‘अर्धतृतीय’वरून, प्राकृतातल्या ‘अड्ढाइज्ज’मधून आला. म्हणजे दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. दीड तसाच ‘द्व्यर्ध’वरून, दुसरा अर्धा. हिंदीचे डेढ़-ढाई आणि बंगालीतले देड़-आड़ाई त्याच घरातले. अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने यावर लिहिलं की मग साडेतीनही ‘चौथा अर्धा’ असणार, मराठीत सगळीच मोजणी पुढच्या आकड्याकडून होते. तसं मात्र नाही. साडे हा ‘सार्ध’वरून आला, म्हणजे अर्ध्यासकट. साडेतीनमध्ये तीनावर अर्धा चढतो, अडीचमध्ये तिसरा अर्धाच भरलेला असतो. मराठीने दोन्ही रीती ठेवल्या आणि त्यांची वाटणी पक्की केली.

इथे जर्मनीत मला हा मुद्दा रोज कानावर पडतो, कारण इथलं घड्याळ अडीचच्याच रीतीने चालतं. ‘हाल्प द्राय’ म्हणजे शब्दशः ‘अर्धे तीन’, आणि वेळ अडीच. ‘हाल्प त्स्वाय’, ‘अर्धे दोन’, म्हणजे दीड. ज्याने अर्धतृतीय समजून घेतलं त्याला हे पाठ करावं लागत नाही. पण पुण्याहून नवा आलेला मुलगा इंग्रजीच्या सवयीने ‘अर्धे तीन’ला साडेतीन समजतो आणि बरोबर एक तास उशिरा पोचतो. उलट ब्रिटिश माणूस ‘हाफ टू’ म्हणतो तेव्हा तो ‘पास्ट’ गिळतो, त्याला अडीचच म्हणायचं असतं. तेच दोन शब्द, लंडनमध्ये अडीच आणि बर्लिनमध्ये दीड. आपल्या ‘अडीच’मध्ये ही गल्लत होऊच शकत नाही, कारण त्यात तीन किंवा दोन असा सुटा आकडा ऐकूच येत नाही. ‘साडेएक’ म्हणणाऱ्या मुलाचं बोलणं कळतं, मी त्याला चूक म्हणून हिणवणार नाही. पण दीड त्याच्या कानावर पडतच राहिला पाहिजे, नाहीतर आजीचं ‘दीडला जेवायला ये’ त्याला परकं होईल.

रविवार पेठेतल्या एका व्यापाऱ्यांना प्रश्न वेगळाच वाटला. ते विचारतात, दीड टक्का १.३० असा लिहिला तर काय बिघडतं? घड्याळाचा विषय नव्हता, पण नेमकी जखम त्यांनीच दाखवली. छापील मराठीत वेळ ‘१.३०’ अशी टिंब देऊन लिहायची पद्धत आहे. तेच टिंब हिशोबात दशांशचिन्ह होतं. १.३० तास म्हणजे एक तास अठरा मिनिटं, दीड तास नव्हे. दीड तास म्हणजे १.५. मजुरीच्या तक्त्यात पाच दिवस रोज दीड तास जादा काम १.३० असं भरलं, तर बेरीज साडेसातऐवजी साडेसहा तास येते आणि माणसाचा एक तास बुडतो. उलट चूकही होते. एक्सेलच्या वेळेच्या खान्यात 1.5 टाकलं तर तिथे 12:00 दिसतं, कारण तो आकडा दीड दिवस समजला जातो. तिथे 1:30 टाकावं, किंवा

```
=1.5/24
```

असं. वेळ लिहिताना टिंबाऐवजी दोन टिंबं दिली की अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

परदेशी असलेल्या मुलांशी फोन ठरवताना मात्र दीड-अडीचचा एक फायदा कुणी सांगत नाही. भारताचं घड्याळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे, त्यामुळे पुण्याचा अर्धा इथे पूर्ण होतो. पुण्यात दुपारचे अडीच म्हणजे जर्मनीत हिवाळ्यात सकाळचे बरोबर दहा, उन्हाळ्यात अकरा. दीड म्हणजे नऊ किंवा दहा. बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. त्या आठवड्यात ‘नेहमीप्रमाणे अडीचला’ असं ठरवलं तर वेळ कुणाची धरायची ते आधी सांगावं, पुण्याची धरलेली बरी, कारण ती हलत नाही.

एकच ठिकाण आहे जिथे मी दीडवर विसंबणार नाही, ते म्हणजे रात्रीचं विमान. ‘शनिवारी रात्री दीडचं विमान’ घरच्यांच्या तोंडी शनिवारची रात्र संपल्यावरचं असतं, पण तिकिटावर ते रविवार, 01:30 असतं. तिकिटावर शनिवार छापला असेल तर विमानतळावर शुक्रवारी रात्रीच पोचायचं. इथे वारासोबत तारीख बोलून घ्यावी. आजींच्या जेवणाला तारखेची गरज नाही. त्यांनी दीड म्हणावं, आणि सव्वाला आलेल्याला पंधरा मिनिटं थांबवावं.