पोदुम आणि पोडुम

आमच्या चिरंजिवांनी मुलगी परस्पर पसंत केली, ती तमिळ निघाली आणि तिच्या आईवडिलांना भेटायला चेन्नईला जायचं ठरलं, इथपर्यंत माझी काहीच तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती होणाऱ्या सूनबाईंच्या एका फोननंतर. "काका, दोनचार वाक्यं तमिळमध्ये बोललात ना, तर अप्पांना खूप बरं वाटेल."

आता ही पद्धत फळते हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. ती पहिल्यांदा आमच्या घरी आली तेव्हा पहिल्या घासालाच "काकू, भाजी मस्त झालीय" म्हणाली होती. त्यातला 'झालीय' इतका मराठी होता की आमच्या हिनं त्याच संध्याकाळी तिच्या हातात लिंबाच्या लोणच्याची बरणी ठेवली. चाळीस वर्षं त्याच भाजीला मी मस्त म्हणत आलोय, मला बरणी मिळालेली नाही. फरक एवढाच की ती २७ वर्षांची आणि मी ६२.

पहिली चूक मी अशी केली की पुस्तक आणलं. वह्या-पुस्तकांशिवाय काही शिकता येतं यावर आमच्या पिढीचा विश्वास नाही. पुस्तकात 'तुम्ही कसे आहात' याला 'नींगळ एप्पडि इरुक्किरीर्गळ' असं दिलं होतं. आठ दिवस अंघोळ करताना घोकलं. बाथरूमबाहेरून हिनं विचारलं, "अहो, घसा दुखतोय का?" नंतर फोनवर सूनबाईंना म्हणून दाखवलं तर तिकडे शांतता. मग हसू दाबल्याचा आवाज. "काका, हे बरोबर आहे. पण असं कोणी बोलत नाही."

लिहायची तमिळ वेगळी आणि बोलायची वेगळी, हे मला तेव्हा कळलं. आपल्याकडेही प्रमाण भाषा आणि बोली यांत अंतर असतं, पण ते एखादी पायरी चढण्याइतकं. तिथे मजला बदलतो. बातम्या, भाषणं आणि पाठ्यपुस्तकं वरच्या मजल्यावर, आणि माणसं खाली. पुस्तकातलं 'वरुगिरेन' खाली येता येता 'वरेन' होतं, आणि माझं ते लांबलचक वाक्य 'एप्पडि इरुक्कींग' एवढंच उरतं. पुस्तकी वाक्य घेऊन मी गेलो असतो तर एखाद्या पाहुण्यानं आमच्या दारात चपला काढत "आपले कुशल वर्तमान निवेदन करावे" म्हटल्यासारखं झालं असतं. 'नन्द्री'चंही तेच. शब्द आभाराचाच, पण घरात कोणी पाणी दिलं की नन्द्री म्हणणं म्हणजे बायकोनं चहा दिल्यावर उठून "धन्यवाद" म्हणणं. ती आधी कपाळाला हात लावून बघेल.

तेव्हा पुस्तक मिटलं आणि सूनबाईंनी व्हॉट्सॅपवर मोजकी वाक्यं पाठवली. काहींच्या शेवटी तो 'ंग' आहे ना, तो गाळायचा नाही, असं बजावलं. 'वा' म्हणजे ये, 'वांग' म्हणजे या. 'सोल्लु' म्हणजे सांग, 'सोल्लुंग' म्हणजे सांगा. आपला 'अहो' तोंडाशी असतो, त्यांचा शेपटाला. चिरंजीव तिच्या मित्रांकडून जी तमिळ शिकले होते तिच्यात 'ंग' कुठेच नव्हता, सगळीकडे 'डा' होता, म्हणजे आपला 'अरे'. ती तमिळ व्याह्यांसमोर आणायला बंदी झाली.

यादी मी मोबाइलवरून वहीत उतरवली. इथे दुसरी चूक झाली आणि ती पहिलीपेक्षा महागात पडली. यादी इंग्रजी अक्षरांत होती. `romba nalla irukku` म्हणजे फार छान आहे. `konjam` म्हणजे थोडं. `medhuva pesunga` म्हणजे सावकाश बोला. आणि जेवताना पुरे म्हणायचं असेल तर `podum`. मी वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'पोडुम'.

मैलापूरला कपालीश्वराच्या देवळापासून चालत पाच मिनिटांवर त्यांचं घर. दारात रांगोळी, आत व्याही, विहीणबाई आणि खुर्चीत सूनबाईंची आजी, म्हणजे त्यांची पाट्टी. मी चपला काढल्या, हात जोडले आणि म्हणालो, "एप्पडि इरुक्कींग?"

घर क्षणभर थांबलं. मग पाट्टीचा चेहरा असा उजळला की मला तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. पण त्या उजळलेल्या चेहऱ्यातून पुढे जे बाहेर आलं ते तीन मिनिटं चाललं. त्यात बहुधा गुडघे होते, कारण त्या गुडघ्याला हात लावत होत्या. प्रश्न पाठ करणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं की प्रश्नाला उत्तर येतं, आणि ते पाठ केलेलं नसतं. शिवाय प्रश्न जितका सफाईदार तितकं उत्तर लांब. मी 'मेदुवा पेसुंग' म्हणालो. पाट्टींनी तेच सगळं पहिल्यापासून सावकाश सांगितलं. सहा मिनिटं.

मग पानं मांडली. केळीचं पान, त्यावर दोन भाज्या, पच्चडी, अप्पळम आणि मधोमध भाताचा ढीग. त्यावर सांबार. मी आपला आपल्या हिशोबानं जेवलो, म्हणजे वरणभात झाला की पोळी येईल या बेतानं पोट ठेवून. पोळी आली नाही. भात आला. आता रस्सम. हा रस्समभात संपला की दहीभात असतो, हे सगळ्या घराला माहीत होतं, मला नव्हतं. रस्समभात कसाबसा संपवला तशा विहीणबाई पुन्हा भाताचं भांडं घेऊन उभ्या.

मी हसलो. हसून बोला, असं सूनबाईंनी मुद्दाम सांगितलं होतं. "रोम्ब नल्ला इरुक्कु," मी म्हणालो, "पोडुम."

विहीणबाईंना इतका आनंद झालेला मी नंतर लग्नातही पाहिला नाही. वाढला. रस्समही ओतलं. मला वाटलं, आग्रह आहे, आपल्याकडेही पहिल्या 'पुरे'ला कोण भीक घालतं! नेटानं संपवला. पुन्हा भांडं. "पोडुम, पोडुम," मी दोनदा म्हणालो, म्हणजे निश्चय कळावा. दोन डाव पडले. तिसऱ्या वेळी मी पानावर हात आडवा धरायला गेलो, पण मुखानं "पोडुम" सुरूच होतं, त्यामुळे विहीणबाईंनी हात हळूच बाजूला करून वाढलं. पाट्टी खुर्चीतून सुनेला काहीतरी सांगत होत्या. ते "बिचाऱ्याला घरी मिळत नसेल" असं होतं, हे मला मागाहून कळलं.

हिनं मराठीत विचारलं, "अहो, काय चालवलंय? डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितलाय ना?"

"मी पुरेच म्हणतोय!"

"मग त्या ऐकत का नाहीत?"

तेवढ्यात सूनबाई स्वयंपाकघरातून तूप घेऊन आल्या. त्यांच्या कानावर माझा सातवा 'पोडुम' पडला आणि त्या तुपासकट भिंतीला टेकल्या.

तर घोटाळा असा. 'पुरे' म्हणजे 'पोदुम', दगडाचा द. 'पोडु' म्हणजे घाल, वाढ. आणि 'पोडुम' म्हणजे जुन्या वळणाचं, अदबीचं 'वाढावं'. मी अर्धा तास त्या माउलीला "फारच छान झालंय, वाढावं" असं हसून सांगत होतो. वाक्यात काही चूक नव्हती, हीच चूक होती. तमिळ लिपीत या दोघांची अक्षरं वेगळी आहेत. त दचं एक, ट डचं दुसरं. देवनागरीत तर वेगळी आहेतच. दोघांनाही धड माहीत असलेली गोष्ट आम्ही इंग्रजी अक्षरांच्या हवाली केली, जिथे द आणि ड एकाच खोलीत राहतात. आपल्या मोबाइलवर `vada` आलं तर तो वडा, वाडा की वादा हे आपण अंदाजानं ओळखतो, कारण मराठी आपल्याला येते. परक्या भाषेत अंदाज कशाचा बांधणार? एकदा फोन करून प्रत्येक शब्द कानानं ऐकला असता आणि मग देवनागरीत उतरवला असता, तर तीन मुदी भात वाचला असता.

सूनबाईंनी खुलासा केल्यावर सगळं घर हसलं. व्याह्यांना तर ठसका लागला. त्यानंतर आलेला दहीभात मात्र कोणी चुकवू दिला नाही. तो म्हणे पचनासाठी असतो.

जेवणानंतर बाल्कनीत गेलो. वातावरण मोकळं झालेलं, त्यामुळे हीही मोकळी झाली. बाल्कनीत विहीणबाईंनी मोगरा लावला होता, चांगल्या मोठ्या, रंगवलेल्या मातीच्या कुंडीत. हिला झाडांचं वेड. ती विहीणबाईंच्या शेजारी उभी राहून मला भरल्या गळ्यानं म्हणाली, "अहो, बघा तरी, विहीणबाईंची कुंडी केवढी मोठी आहे!"

चिरंजीव डोळे मिटून उभे राहिले. व्याही रस्त्यावरची रिक्षा बघू लागले. तमिळमध्ये कुंडी म्हणजे माणसाचा बसायचा भाग, आणि शब्द चारचौघांतला नाही. यादीत काय बोलावं ते सगळं होतं. स्वतःच्या भाषेतलं काय बोलू नये याची यादी कोणी करत नाही. विहीणबाईंनी हिच्या बोटाच्या दिशेनं पाहिलं, मोगरा दिसला, आणि मग त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. आतून त्यांचं आणि पाट्टीचं हसणं बराच वेळ ऐकू येत होतं. हिला मी गाडीत सांगितलं. ती विमानतळापर्यंत बोलली नाही.

पण निघतानाचं राहिलं. निघण्यासाठी यादीत काही नव्हतं, म्हणून मी पुस्तकाच्या आणि चिरंजिवांच्या मदतीनं स्वतः बनवलं होतं. दारात उभा राहून मी नमस्कार केला आणि म्हणालो, "पोरेन." जातो.

पाट्टी खुर्चीतून जवळजवळ उठल्या. "अय्यय्यो!" त्यांनी मला हातानं थांबवलं आणि काहीतरी बजावलं. सूनबाईंनी सांगण्याची गरजच नव्हती. मी लहानपणी आजोळहून निघताना "जातो" म्हणालो की माझी आजी असाच हात करायची आणि "येतो म्हण मेल्या" म्हणायची. हे एकच वाक्य मला शिकायला नको होतं. आपलं 'येतो' आहे तसं तिकडे न्यायचं होतं, आणि नेमकं तेच मी यादीबाहेर ठेवलं होतं.

"पोयिट्टु वरेन," पाट्टी म्हणाल्या. जाऊन येतो.

"पोयिट्टु वरेन," मी म्हणालो.

त्यांचं समाधान झालं नाही. 'ट्टु' नीट दुमडला गेला नव्हता. पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हणालो. लिफ्ट वर आली, दार उघडलं, चिरंजीव बॅगा घेऊन आत गेले, आणि मी उंबऱ्यात दुसरीतल्या पोरासारखा "पोयिट्टु वरेन, पोयिट्टु वरेन" म्हणत उभा. पाचव्या की सहाव्या खेपेला पाट्टींनी तळहात वर केला.

"पोदुम," त्या म्हणाल्या.

द अगदी स्वच्छ ऐकू आला.