पिनबॉलचा चेंडू भिंतीला चिकटतो, त्यात घर्षणाचा दोष नाही

«पिनबॉल गेम बनवायला फिजिक्स येण्याची गरज नाही. बटण दाबलं की फ्लिपरचा कोन बदला. बंपरला restitution 1.5 द्या. प्लंजर जितका वेळ दाबून धरला तितका वेग चेंडूला द्या. चेंडू कुठे चिकटला तर friction शून्य करा, तरीही नाही सुटला तर रँडम धक्का मारा. बाकी सगळं इंजिन बघून घेतं.»

पाच सल्ल्यांपैकी एक बरोबर आहे. उरलेल्या चारांमुळे गेम दिसायला पिनबॉल होतो, पण हाताला पिनबॉल लागत नाही. मी इथे Box2D या फिजिक्स इंजिनाची २.४.१ आवृत्ती धरून लिहितोय. दुसरं इंजिन असलं तर नावं बदलतील, कारणं तीच राहतील.

आधी खऱ्या यंत्राची मापं पाहू, कारण पुढचे सगळे आकडे त्यांवरच उभे आहेत. पोलादी चेंडू सुमारे २७ मिलिमीटर व्यासाचा आणि ८० ग्रॅमचा असतो. फ्लिपर साधारण ७६ मिलिमीटर लांब. टेबलाचा उतार ६.५ अंशांच्या आसपास. या उतारावर चेंडू नुसता घसरला असता तर त्याचं त्वरण दर सेकंदाला १.११ मीटर/सेकंद झालं असतं. पण तो गडगडतो, काही ऊर्जा फिरण्यात जाते, म्हणून प्रत्यक्षात याच्या पाच सप्तमांश, म्हणजे ०.७९ मिळतं. वरून दिसणाऱ्या द्विमितीय गेममध्ये इंजिनाला हे गडगडणं माहीतच नसतं, त्यामुळे गुरुत्वाचा आकडा ०.७९ हाच द्यावा लागतो. टेबलावर एक मीटर वर चढायला चेंडूला सुमारे १.२६ मीटर/सेकंद वेग लागतो, हेही लक्षात ठेवा.

आता फ्लिपर. कोन थेट बदलणं, म्हणजे SetTransform वापरणं, हे इंजिनाच्या दृष्टीने वस्तू एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवणं आहे. या प्रवासात फ्लिपरला वेग नसतोच. टक्कर सोडवताना इंजिन विचारतं की स्पर्शाच्या बिंदूपाशी फ्लिपर किती वेगाने येतोय, आणि उत्तर येतं शून्य. चेंडू फ्लिपरच्या आत घुसलेला दिसला तर इंजिन त्याला बाहेर सरकवतं, पण Box2D मध्ये या सरकवण्यातून वेग मिळत नाही. आणि फ्लिपर एका झटक्यात ५० अंश फिरला तर चेंडू त्याच्या खालच्या बाजूलाच राहून जातो आणि सरळ गटारात.

नेमकं किती बिघडतं ते मोजू. फ्लिपर सेकंदाला ३० रेडियनने फिरतोय, उसळीचा आकडा, म्हणजे restitution, ०.५ आहे आणि चेंडू १ मीटर/सेकंदाने येतोय, असं धरू. खिळीपासून ६० मिलिमीटरवर चेंडू लागला तर त्या जागी फ्लिपरचा वेग ३० × ०.०६ म्हणजे १.८ मीटर/सेकंद. फ्लिपर चेंडूच्या मानाने खूप जड धरला तर परतीचा वेग असा निघतो: फ्लिपरच्या वेगाची दीडपट, अधिक येणाऱ्या वेगाचा अर्धा भाग. म्हणजे २.७ अधिक ०.५, एकूण ३.२. चेंडू टेबलाच्या टोकापर्यंत सहज जातो आणि तिथे आदळायलाही ताकद शिल्लक राहते. तोच चेंडू खिळीपासून ३० मिलिमीटरवर लागला तर १.८५ मिळतात. चेंडू तेव्हाही वर पोहोचतो, पण बराच मंदावलेला. कोन बदलणाऱ्या फ्लिपरवर मात्र फक्त ०.५ उरतात आणि चेंडू १६ सेंटिमीटर चढून माघारी येतो. पिनबॉलमधलं सगळं कौशल्य या फरकात आहे. बटण कधी दाबलं यावर चेंडू फ्लिपरच्या कुठल्या भागाला लागणार हे ठरतं, त्यावरून वेग आणि दिशा दोन्ही ठरतात. कोन बदलणाऱ्या फ्लिपरला चेंडू बुडाशी लागला काय आणि टोकाशी लागला काय, सारखंच.

म्हणून फ्लिपरला कोनीय वेग द्या. मोटर लावलेला revolute joint चालतो, पण त्यात फ्लिपर हलका ठेवला किंवा टॉर्क कमी पडला तर चेंडूच फ्लिपरला मागे ढकलतो आणि फटका दर वेळी वेगळा बसतो. मला kinematic, म्हणजे दिलेल्या वेगानेच फिरणारा आणि चेंडूच्या धक्क्याने न ढळणारा, फ्लिपर जास्त भरवशाचा वाटतो. दर पावलाला, म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक Step ला, एवढंच करायचं:

```cpp
float left = target - flipper->GetAngle();
float w = b2Clamp(left / dt, -30.0f, 30.0f);
flipper->SetAngularVelocity(w);
```

उरलेला कोन पावलाच्या वेळेने भागल्यामुळे फ्लिपर मर्यादेच्या पुढे जात नाही, नेमका तिथेच थांबतो. इथे पावलाची लांबी महत्त्वाची ठरते. सेकंदाला ६० पावलं ठेवली तर फ्लिपर एका पावलात २९ अंश फिरतो, म्हणजे सगळा फटका दोन पावलांत आटोपतो आणि नेमकी वेळ साधण्याला अर्थच राहत नाही. २४० पावलांना हा आकडा सात अंशांवर येतो. चेंडू स्थिर भिंतीतून आरपार जाणं इंजिन तसंही रोखतं, आणि त्याला bullet केलं तरी फटक्याची बारकाई वाढत नाही. त्यासाठी पावलंच वाढवावी लागतात.

बंपरकडे वळू. उसळी दीडपट म्हणजे चेंडू जितका जोरात येईल तितका जास्त जोर त्याला परत मिळणार. समोरासमोरच्या दोन बंपरांमध्ये तो पाच वेळा आपटला तर वेग साडेसात पटींहून जास्त होतो आणि थांबायचं नावच घेत नाही. उलट हळू येऊन टेकलेल्या चेंडूला दीडपटीने जेमतेम काही मिळतं, आणि वेग इंजिनाने उसळीसाठी ठेवलेल्या किमान वेगाच्या उंबरठ्याखाली असला तर काहीच नाही. खऱ्या पॉप बंपरचं वागणं याच्या अगदी उलट असतं. चेंडू खालच्या झालरीवर टेकला की स्विच लागतो, सोलेनॉइड कडं खाली खेचतं आणि ते कडं चेंडूला बाहेर फेकतं. ही ऊर्जा सोलेनॉइडकडून येते, चेंडूच्या येण्याच्या वेगाशी तिचा फारसा संबंध नसतो. हळू टेकलेला चेंडूही सणसणीत उडतो तो यामुळे.

तेव्हा बंपरची उसळी ०.५ सारखी साधी ठेवा आणि स्पर्शाच्या लंब दिशेने ठरावीक वेग वेगळा मिळवा. समजा तो दीड मीटर/सेकंद आहे. दोन बंपरांमध्ये चेंडू कितीही वेळ अडकला तरी वेग ३ च्या जवळ जाऊन स्थिरावतो, कारण ३ चा अर्धा अधिक दीड हे पुन्हा ३ च होतात. धक्का टकरीच्या कॉलबॅकमध्येच देऊ नका. तिथे फक्त नोंद करा आणि Step संपल्यावर द्या, म्हणजे इंजिनाचं स्वतःचं उत्तर आणि तुमचा धक्का एकमेकांत मिसळणार नाहीत.

प्लंजरचा सल्ला बरोबर आहे. स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा खेचण्याच्या वर्गाच्या प्रमाणात असते आणि चेंडूची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या, म्हणून वेग खेचण्याच्या सरळ प्रमाणात येतो. बटण धरलेल्या वेळेनुसार खेच समान गतीने वाढवली तर झालंच काम. फक्त वरची मर्यादा घाला, आणि चेंडू प्लंजरला टेकलेला असेल तरच वेग द्या. अर्ध्या खेचीला चेंडू पाव उंचीच गाठतो, ही चूक नाही, तसंच व्हायला हवं.

राहिलं चिकटणं. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. घर्षण शून्य केल्याने चेंडू भिंतीच्या कडेने जास्त वेगाने सरकेल, पण भिंतीपासून दूर जाणार नाही, कारण दूर नेणारी उसळीच इंजिनाने बंद केलेली असते. Box2D मध्ये टकरीचा लंब दिशेतला वेग १ मीटर/सेकंदाहून कमी असला तर उसळी शून्य धरली जाते. एकावर एक ठेवलेल्या पेट्या थरथरू नयेत म्हणून ही सोय आहे. पिनबॉलला ती घातक ठरते. टेबल खऱ्या मापाचं ठेवलं तर २ मीटर/सेकंदाने येणारा चेंडू भिंतीला ३० अंशांहून कमी कोनात लागला की चिकटून सरकणार. अर्धा मीटर खाली गडगडत आलेला चेंडू ०.८९ पर्यंतच पोहोचतो, म्हणजे तो समोरासमोर आपटला तरी उसळत नाही.

पहिला उपाय म्हणजे सगळी लांबी दसपट करा. चेंडू ०.२७ मीटरचा, गुरुत्व ७.९, सगळे वेग दसपट, फ्लिपरचा कोनीय वेग मात्र तोच. आता चिकटण्याचा कोन ३० वरून तीन अंशांखाली येतो. दुसरा उपाय, भिंती आणि बंपरांच्या fixture चा restitutionThreshold ०.१ करा. दोन वस्तूंपैकी कमी असलेला उंबरठा लागू होतो, म्हणून तो चेंडूवर लावू नका. चेंडूवर लावलात तर उचललेल्या फ्लिपरवर थांबवायचा चेंडूही विसावायला जास्त वेळ घेईल.

तरीही अडकला तर आधी संपर्कबिंदू आणि त्यांच्या लंब रेषा पडद्यावर काढून बघा. एकच संपर्क आणि चेंडू भिंतीलगत सरकतोय, तर कारण उंबरठा. सपाट दिसणाऱ्या भिंतीवर तो अचानक अडखळतो आणि तिथली लंब रेषा तिरपी दिसते, तर दोन तुकड्यांच्या सांध्याचं कोपरं लागतंय, भिंत एकाच chain shape ने काढा. दोन संपर्क आहेत आणि त्यांच्यामध्ये चेंडू गुरुत्वाविरुद्ध तोललेला आहे, तर तो खरोखरच खाचेत बसलाय. अशी खाच घर्षण काढून जात नाही. खांब सरकवावा लागतो किंवा माथा उतरता करावा लागतो. आणि एकही संपर्क नसताना चेंडू स्थिर दिसला तर इंजिनाने त्याला झोपवलंय का ते IsAwake ने तपासा. चेंडूची allowSleep मी नेहमी बंदच ठेवतो.

रँडम धक्क्याबद्दल शेवटचं. उचललेल्या फ्लिपरवर चेंडू थांबवून नेम धरणं हा पिनबॉलचा महत्त्वाचा डाव आहे, आणि आंधळा धक्का तोच मोडतो. खऱ्या यंत्रांत बराच वेळ एकही स्विच लागला नाही तर सोलेनॉइड एकेक करून उडवून चेंडू शोधला जातो, आणि खेळाडूने फ्लिपर धरून ठेवला असेल तर अनेक यंत्रं हा शोध सुरूच करत नाहीत. तुमच्या गेममध्येही तेच करा. पंधरा सेकंद काहीच लागलं नाही आणि दोन्ही फ्लिपर खाली आहेत, तर आधी बंपर उडवा. चेंडू तरीही हलला नाही तर त्याला प्लंजरच्या मार्गिकेत परत ठेवा आणि त्याची जागा लॉगमध्ये लिहा. तीच जागा पुन्हा आली तर तिथे खाच आहे.