जड म्हणून वेगवान? सूत्र उलटं सांगतं

«लोखंड हवेपेक्षा खूप जड असतं, म्हणून त्यात आवाज पंधरापट वेगाने जातो. पदार्थ जितका जड, तितका आवाज वेगवान. पोलादात वेग 5,960 मीटर प्रतिसेकंद, पाठच करून ठेवा.»

यातलं पंधरापट जवळपास बरोबर आहे, कारण मात्र चुकलं आहे. सळईतल्या अनुतरंगाचा, म्हणजे लांबीच्या दिशेने दाबत-ताणत जाणाऱ्या तरंगाचा, वेग v = √(Y/ρ). Y म्हणजे यंगचा गुणांक, पदार्थाच्या ताठपणाचं माप; ρ म्हणजे घनता, आणि घनता छेदात आहे. वजन वाढलं की वेग घटतो. पोलादाची घनता हवेच्या साधारण 6,500 पट असते. तेवढ्यावरच भागलं असतं तर पोलादात आवाज हवेपेक्षा 80 पट मंद गेला असता. त्याला तारतो तो ताठपणा. पोलादाचा Y सुमारे 200 अब्ज पास्कल. हवेत त्या जागी γP येतं, म्हणजे हवेचा दाब P गुणिले 1.4 हा स्थिरांक γ, ते जेमतेम 1.42 लाख पास्कल. म्हणजे ताठपणा चौदा लाख पट. चौदा लाखांना 6,500 ने भागून वर्गमूळ घेतलं की पंधराच्या थोडं खाली उत्तर येतं: पोलादात 5,050, हवेत 20 अंशांना 343.

दुसरं विधान तर शिसं एकट्याने मोडून काढतं. ते पोलादापेक्षा जड, पण Y फक्त 16 अब्ज, म्हणून शिशाच्या सळईत वेग 1,200 च्या आसपास. हायड्रोजन वायूतही आवाज याहून वेगात, सुमारे 1,300 ने जातो! ॲल्युमिनियमचं वजन पोलादाच्या जेमतेम तिसरा हिस्सा, Y सुद्धा तितक्याच प्रमाणात कमी, त्यामुळे वेग जवळपास तोच, 5,090.

हे घरी तपासता येतं, आणि जरूर तपासावं. एक मीटरची पोलादी सळई बरोबर मध्यावर दोन बोटांत धरा आणि टोकावर, सळईच्या दिशेने, लहान हातोडीने टक्कन मारा. बारीक, लांबत जाणारा सूर निघेल. मोबाइलवरच्या वारंवारता दाखवणाऱ्या ॲपमध्ये 2,500 हर्ट्झच्या जरा वर शिखर दिसेल. v = 2Lf, इथे L ही सळईची लांबी आणि f ही शिखराची वारंवारता; L एक मीटर, म्हणजे f ला दोनने गुणलं की वेग मिळाला. ॲल्युमिनियमच्या सळईचा सूरही जवळपास तोच लागतो. पितळेचा स्पष्ट खाली, 1,700 च्या सुमारास. घाव तिरपा बसला तर सळई वाकून कंपते आणि भलतीच शिखरं उमटतात. खरं शिखर ओळखायची खूण अशी की त्याच्या तिप्पट वारंवारतेवर त्याचा जोडीदार सापडतो. वाकण्याच्या सुरांत हा हिशेब जुळत नाही.

राहिला 5,960 चा आकडा. तो खोटा नाही, पण सळईचा नाही. तरंग जाताना बारीक सळई दाबली की बाजूंनी किंचित फुगते आणि ताणली की आकसते. तिला ती मोकळीक असते, म्हणून तिथे Y चालतो. पोलादाच्या मोठ्या ठोकळ्यात आजूबाजूचं पोलाद फुगू देत नाही, ताठपणा वाढतो आणि वेगही. वेल्डिंगची अल्ट्रासॉनिक तपासणी करणारे म्हणूनच हा मोठा आकडा वापरतात. तरंगलांबी सळईच्या जाडीपेक्षा पुष्कळ मोठी असेल तोवरच √(Y/ρ) लागू पडतं.