सवलत टाळण्याचे खात्रीशीर उपाय

रेल्वेच्या तिकिटावर सवलत मिळवणं हे काही चांगल्या घरच्या माणसाचं लक्षण नव्हे. फॉर्म आणा, शिक्के मारून घ्या, फोटो चिकटवा. त्यापेक्षा पूर्ण भाडं भरावं आणि मोकळं व्हावं. अडचण एवढीच की थोडं बेसावध राहिलं तर सवलत मिळून जाण्याचा धोका असतो. तो कसा टाळायचा, ते सांगतो.

आजीची काळजी करू नका, तिचं काम रेल्वेनेच परस्पर केलंय. पूर्वी 60 वर्षांच्या पुरुषांना मूळ भाड्यात 40 टक्के आणि 58 वर्षांच्या बायकांना 50 टक्के सूट असायची. कोरोनात, 20 मार्च 2020 पासून, ती बंद झाली. कोरोना गेला, मास्क गेले, सवलत काही परत आली नाही. सरकारने 2024 मध्ये सांगितलं की 100 रुपयांच्या प्रवासाला आम्ही सरासरी 54 रुपयेच घेतो, म्हणजे सगळ्यांनाच 46 टक्के सवलत आहे. आजीलाही आहे आणि तिच्या शेजारी बसलेल्या पंचविशीतल्या पैलवानालाही.

तरी आजीसाठी खालच्या बर्थचा कोटा शिल्लक आहे, तेवढा चुकवा. तिकीट काढताना कोट्याच्या यादीत LOWER BERTH/SR.CITIZEN दिसेल. तो 60 वर्षांवरच्या पुरुषांसाठी आणि 45 वर्षांवरच्या बायकांसाठी आहे, एकटं जाणाऱ्यांना किंवा अशाच दोघांना मिळून. आजी आणि आजोबा एका तिकिटावर, बाकीचे दुसऱ्यावर, असं केलंत तर दोघांना खालचे बर्थ मिळून जातील. म्हणून मुलं, सुना, नातवंडं सगळ्यांना एकाच तिकिटावर घ्या. मग हा कोटा लागणार नाही, आणि आजीला वरच्या बर्थवर चढवण्याचा सोहळा अख्खा डबा बघेल.

कॉलेजच्या भाचीचंही फार अवघड नाही. वसतिगृहातून सुट्टीत गावी जायला सेकंड क्लास आणि स्लीपरला 50 टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना 75 टक्के सूट अजून चालू आहे. मात्र ती मोबाइलवर मिळत नाही. कॉलेजकडून प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचा सवलतीचा फॉर्म घ्यायचा आणि आरक्षणाच्या खिडकीवर द्यायचा. तुम्ही फक्त भाचीला सांगा, 'खिडकीवर कोण उभं राहतं आता?' तिचीच पिढी आहे, लगेच पटेल.

खरी कसोटी मामांची. मामांना दोन्ही पायांचा पोलिओ, व्हीलचेअरशिवाय आणि सोबतीच्या माणसाशिवाय घराबाहेर पडता येत नाही. अशा दिव्यांग प्रवाशाला स्लीपर, सेकंड क्लास, थ्री टायर एसी आणि चेअर कारमध्ये 75 टक्के सूट आहे, टू टायर आणि फर्स्ट एसीमध्ये 50 टक्के. शिवाय सोबत्यालाही तेवढीच. हिशेब करून बघा, म्हणजे धोका किती मोठा आहे ते कळेल. सोपं म्हणून स्लीपरचं मूळ भाडं 400 रुपये धरू. त्यावर आरक्षणाचे 20 आणि सुपरफास्टचे 30, म्हणजे माणशी 450 आणि दोघांचे 900. सवलत फक्त मूळ भाड्यावर असते, वरचे 50 पूर्ण द्यावे लागतात. तरी माणशी 150 होतात आणि दोघांचे 300. एका फेरीत 600 रुपये घरात राहिले तर त्यांचं करायचं काय?

म्हणून सुरुवातीपासूनच चुकत चला. पहिली चूक, मामांचं जुनं अपंगत्वाचं प्रमाणपत्र घेऊन तिकीट काढायला जा. त्यावर ठसठशीत '80 टक्के' लिहिलंय, त्यामुळे तुमचा आत्मविश्वास दांडगा असेल. पण रेल्वेला टक्क्यांत रस नाही. तिचा स्वतःचा ठरावीक नमुन्याचा फॉर्म आहे आणि हाडांच्या, सांध्यांच्या अपंगत्वासाठी त्यातलं एकच वाक्य कामाचं, की ही व्यक्ती सोबत्याच्या मदतीशिवाय प्रवास करू शकत नाही. काठी टेकत एकटा फिरणारा माणूस, टक्के कितीही असोत, यात बसत नाही. मामा बसतात, पण कागदावर तसं लिहिलेलं नसलं तर नाही बसत. पूर्ण अंध, बौद्धिक अपंगत्व असलेले आणि एकाच वेळी ऐकू न येणारे व बोलता न येणारे, एवढ्यांचीच आणखी वर्गवारी आहे. एका कानाने कमी ऐकू येणाऱ्याने उगाच रांग वाढवू नये.

दुसरी चूक सरकारी रुग्णालयात करता येते. डॉक्टर फॉर्म भरतात, सही करतात, आणि बाहेर चार माणसं ताटकळलेली असतात. अशा वेळी शिक्का नीट उमटलाय का, तो फोटोवरही आलाय का, सहीखाली डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक वाचता येतोय का, हे बघत बसणं म्हणजे अविश्वास दाखवणं. थँक्यू म्हणा आणि निघा. पुढे रेल्वेचं कार्यालय तो कागद खरा की खोटा, ते रुग्णालयाला विचारून घेतं. अर्धवट उमटलेला निळा डाग बघून ते काय म्हणतील, याची कल्पना करा.

कागद चुकून बरोबर निघालाच, तर पुढची पायरी रेल्वेचं ओळखपत्र. अर्ज divyangjanid.indianrail.gov.in वर होतो, तो विभागीय कार्यालयाकडे जातो, आणि पडताळणीनंतर क्रमांक असलेलं कार्ड मिळतं. यात वेळ जातो. म्हणून प्रवासाच्या आठवडाभर आधी अर्ज करा, ऐन लग्नसराईत करा. कार्ड यायच्या आत लग्न लागून नवरी सासरी गेलेली असेल.

कार्ड हातात असूनही भाडं भरायचा रस्ता बंद होत नाही. तिकीट काढताना Person With Disability Concession या चौकटीवर खूण न करता पुढे जा. तिकीट पूर्ण भाड्याचं निघेल, आणि मागाहून फरकाचे पैसे परत मिळत नाहीत. किंवा आदल्या दिवसापर्यंत थांबा आणि तत्काळमध्ये काढा, तिथे सवलत लागूच नाही.

इतकं करूनही सवलतीचं तिकीट निघालंच, तर शेवटचा उपाय मुदतीचा. कायमचं अपंगत्व असलं तरी 25 वर्षांपर्यंतच्यांचं प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं, 26 ते 35 वाल्यांचं दहा वर्षं, आणि पस्तिशी ओलांडली की जन्मभर. पाय तेच, पोलिओ तोच, तरी तरुणांनी अधूनमधून डॉक्टरांना दाखवून यायचं, न जाणो सुधारला असेल! मामांचं वय 52, त्यांना मुदतीची भीती नाही, त्यामुळे हा उपाय त्यांच्यावर चालणार नाही. त्यांच्यासाठी वेगळा ठेवलाय. मूळ कार्ड घरच्या कपाटात लॉकरमध्ये, हरवू नये म्हणून. सोबत मोबाइलमध्ये त्याचा फोटो.

गाडी सुटली की टीसी येतील, मामांकडे बघतील, व्हीलचेअरकडे बघतील, आणि म्हणतील, 'ओरिजिनल दाखवा.'